दुसरा दोर

थोरलीला सगळे रागीट म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्या सकाळचा राग साधा नव्हता. तो रात्रभर तिच्या उशाशी जागा होता आणि ती उठली तेव्हा तिच्याबरोबर उठून, तोंड धुऊन, फेरीवर कामाला आला होता. दुपारी जेटीच्या ऑफिसात चौकशी होती. तिथे तिची सख्खी आई साहेबांसमोर सांगणार होती की, होय साहेब, दार लवकर उघडलं ते माझ्या मुलीनंच, तिच्याच चुकीनं मी पडले आणि पाय मोडून घेतला. एवढं बोलून झालं की थोरलीची फेरीवरची नोकरी संपली. मग बसा घरी आईच्या पायाला तेल चोळत.

बंदराच्या अलीकडे वस्ती, पलीकडे शहर, मध्ये खाडीचं पाणी. रस्त्यानं जायचं म्हणजे सगळा वळसा घालून निम्मी सकाळ घालवायची, म्हणून सगळं गाव फेरीनंच ये-जा करी. थोरली त्या फेरीच्या दारावर होती. दोर फेकायचा, दार उघडायचं, माणसं उतरवायची, चढवायची, दार लावायचं, दोर सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा, हातात सामान, काखेत पोर आणि कानाला फोन लावलेली माणसं समोरून ढकलत असताना. पण इतक्या वर्षांत तिच्या दारात कुणाच्या चपलेचा अंगठासुद्धा तुटला नव्हता. ह्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

आणि पडली कोण, तर आई.

पडली कशी, तेही सांगायला हवं. फेरी शहराच्या तरंगत्या धक्क्याला लागते तेव्हा दोन दोर बांधायचे असतात, आधी पुढचा आणि मग मागचा. नियम असा की दोन्ही दोर खुंट्याला पक्के झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. नियम भिंतीवर लावलेला आहे, त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं मिश्या काढल्यात. खरं चालायचं ते असं: थोरली पुढचा दोर फेकी, धक्क्यावरचा म्हातारा दोरवाला तो खुंट्यात अडकवी, आणि लगेच थोरली दार उघडी. माणसं उतरायला लागली की ती मागे जाऊन दुसरा दोर फेकी. का, तर धक्क्याबाहेर शहरात जाणारी बस उभी असते आणि ती बस कुणासाठी थांबत नाही. एका दोरावर उतरलं तर बस मिळते, दोन दोरांवर उतरलं तर बसचा धूर मिळतो. रोजच्या माणसांना हे पाठ होतं. सारंग, म्हणजे फेरी चालवणारा, त्यालाही माहीत होतं आणि तो काचेतून दुसरीकडे बघे.

रोज सगळ्यांच्या पुढे, दाराला नाक लावून उभी असायची ती आई. ती शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करी. बस चुकली तर मुकादम बोलतो, म्हणून पुढचा दोर हवेत असतानाच ती दारावर थाप मारी, "उघड गं! उघड की! बस निघाली बघ!" घरातली कडीसुद्धा आईनं इतक्या हक्कानं वाजवली नसेल.

त्या दिवशीही तिनं थाप मारली होती, थोरलीनं दार उघडलं होतं, आणि आईनं एक पाय धक्क्यावर टाकला तेवढ्यात फेरीचा मागचा भाग हिसका देऊन बाहेर गेला. मध्ये हातभर फट पडली. आई त्या फटीत मांडीपर्यंत गेली, आणि फेरी परत आत येता येता थोरलीनं तिला काखेत धरून वर ओढली. धक्क्याला टायर बांधलेले होते म्हणून पाय नडगीवर नुसता मोडला. टायर नसते तर पाय राहिलाच नसता.

हिसका कुठून आला ते थोरलीनं बघितलं होतं. धाकट्याची वॉटर टॅक्सी नुकतीच शेजारून गेली होती.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. घरातलं लाडाचं लेकरू, वय वाढलं तरी लेकरूच. तो पर्यटकांना पांढऱ्याशुभ्र वॉटर टॅक्सीतून बंदर दाखवायचा. हॉटेलाच्या पायऱ्यांवरून घ्यायचं, नांगरलेली मोठी जहाजं दाखवायची, दीपगृहाला चक्कर मारायची आणि फेरीच्या धक्क्यापाशी आणून सोडायचं. कॉलरला छोटा माईक लावून बोलायचा. बोलणं मात्र कुणी शिकवलं नव्हतं, ते जन्मजात. दोन-तीनदा थोरली दारात उभी असताना त्यानं स्पीकरवरून सांगितलं होतं, "डावीकडे बघा मंडळी, ही बंदरातली सगळ्यात जुनी फेरी! आणि दारात उभी आहे ती तिच्याहून जुनी!" पर्यटक खिदळत फोटो काढायचे. आई फेरीतून हात हलवायची, आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणायची, "आमचा आहे तो." दारात उभी असलेली कुणाची आहे ते मात्र तिनं कधी कुणाला ढोसून सांगितलं नाही.

आई पडल्यावर थोरलीनं पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं, दार एका दोरावर उघडलं हे खरं, माझी चूक आहे. पण लाट टॅक्सीची होती. साहेब म्हणाले, साक्षीदार? साक्षीदार कोण? म्हातारा दोरवाला वाकून दोर ओढत होता. कॅमेरा तिकीटखिडकीकडे तोंड करून होता. रोजची माणसं, जी तिला ताई ताई करत, ती म्हणाली आम्ही बसकडे बघत होतो. खरं कारण थोरलीला ठाऊक होतं. तोंड उघडलं तर एका दोराची सोय बंद होईल, एवढंच त्यांना पडलेलं. आणि सारंग? तो मान खाजवत म्हणाला, "हिसका बसला खरा. पण कुणाच्या लाटेचा ते मी पुढं बघत असताना कसं सांगू? शिवाय बाई, हे तुमचं घरचं प्रकरण."

घरचं प्रकरण! तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आदल्या संध्याकाळी तर घरात भांडणाचा कळस झाला. आई खाटेवर, प्लास्टरमधला पाय उशीवर. धाकटा खुर्चीत पाय पसरून बसलेला, हातात चहा. चहा थोरलीनंच केलेला, ते आणखी एक.

"ताई, तू उगाच ताणतेयस," तो म्हणाला. "धक्क्याबाहेर पाण्यात तरंगणाऱ्या त्या तांबड्या बोयाच्या आत सावकाश जायचं हा नियम आहे. मी बोयापाशी वेग कमी केला. रोज करतो. कुणालाही विचार."

"बोयापाशी कमी केलास, मग तुझ्या मागून आली ती काय माझी आत्या होती?"

"अगं, बोट सावकाश झाल्यावर लाट कुठून येणार?"

"तुझ्या मागून येते! तू कधी वळून बघितलंयस?"

"मी पुढं बघून चालवतो, मागं बघून नाही."

आई खाटेवरून म्हणाली, "तो खोटं कशाला बोलेल? बोयापाशी त्याची बोट कशी शहाण्यासारखी खाली बसते, मी रोज बघते. तुझ्या हातून झालं, मान्य कर आणि मोकळी हो. साहेब काय फाशी देणार आहेत?"

"नोकरी जाईल, आई."

तेव्हा धाकटा जे बोलला ते थोरलीला आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. तो चहाचा घोट घेऊन अगदी समजुतीनं म्हणाला, "तुला काय, दुसरं काहीतरी काम मिळेल. माझा परवाना एकदा गेला की परत मिळायचा नाही. घरातलं एकच जाणार असेल, तर विचार कर ना."

तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. अर्धा भरलेला होता. "चहा हवा तर त्या परवान्यात करून पी," ती म्हणाली. आईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि तिथं बोलणं संपलं.

तर असा तो राग. सकाळपासून थोरली दोन्ही दोर बांधून मगच दार उघडत होती. आई पडल्यापासून तिनं तेच सुरू केलं होतं, आणि त्यावरून रोज शिव्या खात होती. सकाळच्या फेरीला बँकेतला कारकून, जो तिला पूर्वी घरचे आंबट-गोड सगळे किस्से सांगायचा, तो दारावर छत्रीची मूठ आपटत म्हणाला, "अहो ताई, एवढं काय मनावर घेताय? बस गेली ना!"

"गेली तर जाऊ दे. पाय तर आहेत ना जागेवर? चाला."

"पूर्वी बरं चालायचं!"

"पूर्वी माझी आईही चालायची," ती म्हणाली, आणि त्यानं छत्री काखेत घेतली.

दुपारच्या फेरीनं आईला न्यायचं होतं. धाकट्याचं म्हणणं होतं की आपणच आईला टॅक्सीतून थाटात नेऊ. आईनंही हुरळून हो म्हटलं. पण टॅक्सी पाण्यालगत बसलेली, तिच्यात उतरायचं म्हणजे गुडघा वाकवून पाय खाली टाकायचा, आणि आईचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या खांबासारखा ताठ. धाकट्यानं एकदा उचलून बघितलं, आई ओरडली, तो घाबरून मागे सरला. शेवटी सारंग आणि थोरली दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून फेरीत आणलं. फेरी थोराड, सपाट आणि संथ. तिच्यात खुर्चीच काय, कपाटही चढवता येतं.

"मी पुढं होतो, दोन चकरा आटपून तिथं भेटतो," म्हणून धाकटा निघून गेला.

खुर्ची ठेवायची कुठे, तर दारापाशी, कारण तिला पहिल्यांदा उतरवायचं. आई पुन्हा आपल्या जुन्या जागी आली. मांडीवर पिशवी, पिशवीत इस्पितळाचे कागद, चेहऱ्यावर चौकशीला जाणाऱ्या बाईचा करारीपणा. थोरली दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली. वरच्या मजल्यावर चार-सहा पर्यटक होते, ते पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकत होते. थोरलीनं वर बघून खेकसून सांगितलं की रेलिंगवरून वाकू नका, आणि ती माणसं इतकी दचकली की पाव खाऊनच टाकला.

धक्का जवळ आला. सारंगनं इंजिन मंद केलं. थोरलीनं पुढचा दोर फेकला, म्हाताऱ्यानं झेलून खुंट्यात घातला. फेरी टायरांना घासून थांबली. पाठीमागे माणसं गोळा झाली. बाहेर बस उभी होती, ड्रायव्हर चढत होता.

आणि आईनं सवयीनं दारावर थाप मारली. "उघड गं!"

थोरलीनं नुसतं तिच्याकडे बघितलं. आईला स्वतःचंच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण हात दारावरच राहिला. पण मागून कुणीतरी म्हणालं, "उघडा की, आजारी माणूस आहे!" आणि आईला जोर आला. "अगं, मला वेळ लागणार उतरायला. उघड आता, किती छळशील?"

"दुसरा दोर."

"हट्टीच आहेस. अगदी बापावर गेलीस."

"दुसरा दोर, आई."

तेवढ्यात स्पीकरचा आवाज आला. "आणि मंडळी, आता आपण येतोय बंदराच्या मुख्य धक्क्याला..."

आईचा चेहरा फुलला. खुर्चीतल्या खुर्चीत वळून तिनं हात वर केला. धाकट्याची टॅक्सी लांबून येत होती, नाक वर, मागे पांढऱ्या फेसाचा पट्टा. आईचा हात त्यानं बघितला. कोण बघणार नाही? त्यानंही हात वर केला, आणि बोट आणखी थोडी फेरीच्या बाजूला घेतली, आईला नीट दिसावी म्हणून. तांबड्या बोयापाशी त्यानं वेग काढून घेतला. अगदी बोयापाशी. बोटीचं नाक खाली बसलं आणि ती गरीब गाईसारखी हळूहळू पुढं आली.

"बघ!" आई म्हणाली. "बघितलंस? केला की नाही कमी? आणि तू त्याला..."

"आता तू बघ," थोरली म्हणाली. "त्याच्याकडे नको. त्याच्या मागं बघ."

बोट खाली बसली होती, पण तिच्या मागे धावत आलेलं पाणी काही खाली बसलं नव्हतं. इतका वेळ बोटीच्या शेपटीला चिकटून आलेली लाट आता मोकळी झाली. ती टॅक्सीच्या खालून पुढं निघून गेली. फेस नाही, आवाज नाही, नुसता पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा सरळ फेरीच्या मागच्या अंगाकडे येत राहिला. वर माईकवर धाकटा बोलतच होता. त्याला ती दिसायचं कारण नव्हतं. तो पुढं बघत होता.

लाट फेरीखाली शिरली. मागचा भाग उचलला गेला आणि हिसका देऊन धक्क्यापासून सुटला. पुढचा दोर ताणून कर्कन ओरडला. बंद दाराच्या जाळीतून सगळ्यांना दिसलं: आईच्या प्लास्टरच्या पायासमोर धक्का मागे गेला, मध्ये काळं पाणी उघडलं, हातभर, त्याहून जास्त. मग फेरी परत आली आणि टायरांवर अशी आदळली की आईची खुर्ची सरकली. थोरलीनं ती पायानं अडवली. वरच्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं. जेवून परत कामावर निघालेल्या बँकेच्या कारकुनाची छत्री खाली पडली, ती त्यानं उचललीसुद्धा नाही.

बस निघून गेली, तिच्याकडेही कुणी बघितलं नाही.

थोरली मागे गेली, दुसरा दोर फेकला, म्हाताऱ्यानं बांधला, तिनं परत येऊन दार उघडलं. सारंग खाली आला. दोघांनी खुर्ची उचलली. आईचा हात अजून अर्धवट वर होता. तो खाली घ्यायचा हे ती विसरली होती.

जेटीचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं, पण साहेब चांगला माणूस निघाला. आईचा पाय बघून तो स्वतःच टेबल सोडून खाली तिकीटखिडकीच्या खोलीत आला. धाकटाही आला, केस सारखे करत, माईक अजून कॉलरला. सारंग दाराशी उभा राहिला, आणि त्याच्या मागे, न बोलावता, बँकेतला कारकून.

साहेब म्हणाले, "आई, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

धाकटा म्हणाला, "आईनं मला सांगितलंय साहेब, ती..."

"तू गप्प बस," आई म्हणाली.

धाकटा इतका चकित झाला की खरंच गप्प बसला. त्याला हे शब्द त्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. ते नेहमी थोरलीच्या वाट्याचे.

"दार हिनं एका दोरावर उघडलं," आई म्हणाली. "ते मी सांगितलं म्हणून. रोज मीच सांगते. थाप मारून मारून दाराचा रंग गेलाय, बघा जाऊन. आणि लाट ह्याची होती. आत्ता बघितली मी. ह्यानं तिथं वेग कमी केला, पण लाट काय ह्याचं ऐकते? ती आली सरळ. माझा पाय दुसऱ्यांदा गेला असता."

साहेबांनी धाकट्याकडे बघितलं. "बोयापाशी कमी करतोस? अरे बाबा, बोया म्हणजे तिथं आधीच सावकाश असायचं. एकदम वेग काढलास की मागची लाट तुला ओलांडून पुढं जाते. प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज माईकमधून बाहेर बांधलेल्या टॅक्सीच्या स्पीकरवरही गेला, आणि धक्क्यावरून कुणीतरी हसलं. त्यानं ओढून माईक काढला.

"मग?"

"उशीर होतो हो साहेब. आणि..." तो आईकडे बघत राहिला. "फेरी रिकामी व्हायच्या आत पोचायचं असतं. ती हात करते ना रोज."

आईनं डोळे मिटून घेतले. मग साहेबांना म्हणाली, "लिहा. मी हात करते म्हणून तो धावत येतो, आणि मी घाई करते म्हणून ही दार उघडते. आणि पडल्यावर मी खापर फोडलं हिच्या डोक्यावर. तेही लिहा."

"तेवढं लिहायची गरज नाही," साहेब म्हणाले.

कारकून मागून घसा खाकरून म्हणाला, "लाट आत्ता आम्हीही बघितली, साहेब." थोरलीनं वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो सारंगाच्या मागे सरकला. आता सुचलं ह्याला!

निकाल लगेच झाला. धाकट्याची टॅक्सी पुढचा हुकूम येईपर्यंत धक्क्याला बांधून ठेवायची, आणि त्यानं पुन्हा प्रशिक्षणाला बसायचं. थोरलीला लेखी ताकीद, पुन्हा एका दोरावर दार उघडलं तर दारावरून कायमचं खाली. पण दार तिच्याकडेच. सारंगलाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागले, पुढंच नाही तर इतर ठिकाणीही बघायचं असतं म्हणून.

थोरलीला वाटलं होतं, असं झालं की ती हलकी होईल. कसलं काय! परतीच्या फेरीची वाट बघत तिघं धक्क्यावरच्या सावलीत थांबली, आई खुर्चीत, धाकटा जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन, थोरली उभी. आणि तिच्या पोटातला राग उलट आणखी वर आला. तिनं तो गिळायचा प्रयत्नही केला नाही.

"पंधरा दिवस मी घसा फोडून सांगत होते," ती आईला म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगत होते. त्यानं एकदा नाही म्हटलं आणि तुझं भागलं. तुला स्वतः बघावं लागलं. माझ्या शब्दाला काही किंमतच नव्हती?"

धाकटा म्हणाला, "ताई, जाऊ दे ना आता."

"तू बोलू नकोस. तुझ्याशी मी वर्षभर बोलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "नव्हती."

"काय?"

"किंमत नव्हती. तू विचारलंस म्हणून सांगते. तू सकाळी उठलीस की रागावलेली, जेवताना रागावलेली, झोपताना रागावलेली. भाजीत मीठ कमी पडलं तरी तोच आवाज आणि माझा पाय मोडला तरी तोच आवाज. त्यातलं खरं कुठलं ते मला कळायचं बंद झालं होतं, पोरी. आणि हा गोड बोलतो. गोड ऐकायला बरं वाटतं म्हातारपणी."

थोरली तोंड फिरवून खुंट्यावर जाऊन बसली, आणि म्हातारा दोरवाला जवळ येऊन म्हणाला, "उठ बाई, त्याला दोर बांधायचाय." ती त्याच्यावरही ओरडणार होती. मग उठली.

परतीच्या फेरीत आई दारापाशी, आणि तिच्या खुर्चीमागे तिघं-चौघं सोडून धाकटा. टॅक्सी चालवायला लागल्यापासून तो फेरीत पहिल्यांदाच चढला होता. तिकीट काढायला विसरला होता, ते त्याला परत जाऊन काढावं लागलं. उभं कुठं राहायचं ते त्याला कळत नव्हतं, सगळ्यांचे धक्के खात होता. वस्तीचा धक्का जवळ आला तशी माणसं उठून दाराकडे सरकली. दिवसभराची दमलेली, घरी जायच्या घाईची माणसं. थोरलीनं पुढचा दोर फेकला. तो बांधला गेला.

"उघडा हो ताई," मागून एकजण म्हणाला. "इथं कुठं टॅक्सी येतेय आता!"

थोरली वळायच्या आत आई खुर्चीत ताठ झाली आणि सगळ्या फेरीला ऐकू जाईल असं कडाडली, "थांबा की मेल्यांनो! दुसरा दोर बांधू दे तिला!"

आवाज हुबेहूब थोरलीचा होता. ऐकणाऱ्यांना कळलं, थोरलीला तो कुठून मिळालाय ते. सारंग वरच्या काचेत हसला.

थोरली मागे गेली, दोर फेकला, बांधला गेला तो ओढून बघितला. परत आली, दार उघडलं. सारंग जिना उतरून यायच्या आत धाकटा पुढं आला. त्यानं खाली वाकून आईला उचललं, ह्या वेळी नीट, एक हात पाठीखाली आणि एक प्लास्टरखाली. दारात येऊन तो थांबला. ओझं हातात असल्यावर खालचं दिसत नाही. फेरी आणि धक्का ह्यांच्यामधली फट दोन बोटांची असो की हातभर, त्याला कळणार नव्हती. वर्षभर न बोलण्याचं ठरलेलं होतं. थोरलीनं त्याचं कोपर घट्ट धरलं.

"पाय उचलून टाक," ती म्हणाली. "इथं फट आहे."

त्यानं ऐकलं, आणि पाय उचलून टाकला.